शेकाट्याच्या पंखाला पांढरी किनार कुठून आली?

वसई तालुक्यात, नायगाव स्थानकाच्या पश्चिमेला उमेळे हे गाव आहे. या परिसरात मिठागरे आहेत आणि मिठागरांच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात पुष्कळ पाणपक्षी उतरतात. त्यांतला सर्वांत सहज ओळखू येणारा म्हणजे शेकाट्या. पांढरे अंग, काळे पंख, सुईसारखी सरळ काळी चोच आणि अंगाच्या मानाने फारच लांब, गुलाबी पाय. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी या पक्ष्यांवर एक मोठे पोस्टर करावे असे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले. मिठागराचे एक चांगले छायाचित्र आमच्याकडे होते, पण त्यात पक्षी नव्हते. शेकाट्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कॅमेऱ्याने घेतलेले होते. संगणकावर दोन्ही एकत्र करून आम्ही जोडचित्र तयार केले, ते मोठे करून छापून घेतले आणि भिंतीवर लावले.

चार दिवसांनी सातवीच्या मुलांनी त्या पोस्टरवरून शेकाट्याची चित्रे काढली. त्यांतल्या तीन-चार चित्रांत काळ्या पंखाभोवती एक पांढरी रेघ काळजीपूर्वक काढलेली होती. मुलांची चूक नव्हती. पोस्टरवर ती रेघ होतीच. खऱ्या शेकाट्याच्या पंखाला मात्र अशी किनार नसते. आमच्या हातून छपाईच्या तयारीत झालेली चूक मुलांच्या वहीत पक्ष्याचे लक्षण म्हणून उतरली होती.

ही किनार कुठून आली याचा शोध घेताना, छायाचित्राला ‘धार देणे’ म्हणजे नेमके काय, आणि ते काम अगदी शेवटी का करायचे असते, हे आम्हाला नीट कळले. तेच येथे मांडत आहोत.

धार देणे म्हणजे काय?

छायाचित्र संपादनाच्या कोणत्याही प्रणालीत ‘शार्पन’ नावाची सोय असते. ती वापरली की अंधुक चित्र स्पष्ट होते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कॅमेऱ्याने जो तपशील टिपलेलाच नाही, तो या सोयीने येत नाही. ती फक्त कडेच्या दोन्ही बाजूंचा उजेड-अंधाराचा फरक वाढवते. हे समजून घ्यायला संगणकाचीही गरज नाही. फळा पुरेल.

समजा, चित्रातल्या एका आडव्या ओळीत आठ ठिपके, म्हणजे पिक्सेल आहेत. प्रत्येकाची उजळता आपण आकड्यात लिहू. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. डावीकडे गडद भाग आहे, उजवीकडे उजळ:

९०, ९०, ९०, ९०, १५०, १५०, १५०, १५०

आता या ओळीची एक पुसट प्रत करू. प्रत्येक ठिपक्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी अशा तिघांची सरासरी लिहायची. सपाट भागात काहीच बदलत नाही. कडेवरच्या दोन ठिपक्यांचे मात्र ११० आणि १३० होतात:

९०, ९०, ९०, ११०, १३०, १५०, १५०, १५०

मूळ ओळीतून ही पुसट ओळ वजा केली, तर सगळीकडे शून्य येते. फक्त कडेच्या डावीकडे उणे २० आणि उजवीकडे अधिक २० उरतात. म्हणजे कड कुठे आहे, ते या वजाबाकीने आपल्याला शोधून दिले. हा फरक मूळ ओळीत मिळवला की:

९०, ९०, ९०, ७०, १७०, १५०, १५०, १५०

गडद भाग कडेशी येताना आणखी गडद झाला आणि उजळ भाग आणखी उजळ. कडेवरचा फरक ६० होता, तो १०० झाला. डोळ्याला ही कड अधिक ‘धारदार’ वाटते. फरक पूर्ण न मिळवता निम्मा मिळवला तर परिणाम सौम्य होतो, दुप्पट मिळवला तर तीव्र. या प्रमाणाला आपण ‘मात्रा’ म्हणू. पुसट प्रत करताना किती दूरपर्यंतचे शेजारी घेतले, त्याला ‘त्रिज्या’ म्हणू. मात्रेवर किनारीचा ठळकपणा ठरतो आणि त्रिज्येवर तिची रुंदी.

या पद्धतीला ‘अनशार्प मास्क’ असे उलटे वाटणारे नाव आहे. ते अंधाऱ्या खोलीतल्या जुन्या छायाचित्रणातून आले. निगेटिव्हवरून एक फिकट आणि मुद्दाम अंधुक केलेली पॉझिटिव्ह फिल्म बनवायची, ती निगेटिव्हवर बरोबर जुळवून ठेवायची आणि दोन्हींमधून प्रकाश सोडून छाप काढायची. अंधुक फिल्म मोठ्या भागांतला उजेड-अंधाराचा फरक कमी करते. पण ती अंधुक असल्यामुळे बारीक कडा तिला खोडून काढता येत नाहीत आणि त्या तुलनेने उठून दिसतात. ही अंधुक फिल्म म्हणजेच ‘धार नसलेला मुखवटा’. ऑस्ट्रेलियातील खगोल-छायाचित्रकार डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकात याच युक्तीने तेजोमेघांच्या अतितेजस्वी भागांत दडलेले बारकावे छापेवर आणले. आपण फळ्यावर केलेली वजाबाकी-बेरीज म्हणजे त्याच कृतीचे आकड्यांतले रूप.

डोळा या युक्तीला फसतो, त्याचेही कारण आहे. आपली दृष्टी स्वतःच असेच काहीतरी करत असते. शेजारी शेजारी ठेवलेल्या करड्या रंगाच्या छटांमध्ये, जिथे छटा बदलते तिथे एक उजळ आणि एक गडद पट्टी असल्याचा भास होतो. अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये याचे वर्णन केले. पुढे हॉर्सशू क्रॅबच्या डोळ्यावर काम करताना हार्टलाइन यांना आढळले की उजेड पडलेली पेशी आपल्या शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबते. या संशोधनासाठी त्यांना १९६७ मध्ये नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. छायाचित्राला धार देताना आपण डोळ्याच्या या स्वभावाला थोडी मदत करतो, एवढेच. मदत बेताची असेल तर कड स्पष्ट ‘वाटते’. जास्त झाली तर किनार वेगळी ‘दिसते’. सगळी कला या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

आधी धार, मग मोठे: चूक इथे आहे

आता फळ्यावरच आमची चूक करून पाहू. धार दिलेली वरची ओळ तिप्पट मोठी करायची, म्हणजे प्रत्येक आकडा तीनदा लिहायचा. कडेजवळ ७०, ७०, ७०, १७०, १७०, १७० असे येईल. जी किनार एका ठिपक्याची होती, ती तीन ठिपक्यांची झाली. याउलट आधी मूळ ओळ तिप्पट केली आणि नंतर तीच वजाबाकी-बेरीज केली, तर कडेजवळ फक्त एक ७० आणि एक १७० येतात. किनार एका ठिपक्याचीच राहते. (संगणक चित्र मोठे करताना ठिपका तसाच तीनदा न ठेवता मधल्या किमती काढतो, पण किनार रुंदावते हे खरेच.)

म्हणून पहिला नियम असा, की मोठे करणे आधी आणि छपाईसाठी धार देणे नंतर.

आम्ही तर हा नियम पाळला होता! मग पांढरी रेघ कशी आली? उत्तर शेकाट्याच्या छायाचित्रात होते. ते मोबाइलवर घेतलेले होते. मोबाइल छायाचित्र साठवण्यापूर्वी स्वतःच त्याला भरपूर धार देतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ते छान दिसावे यासाठी ही सोय असते. म्हणजे आम्ही हात लावण्यापूर्वीच पक्ष्याभोवती किनार तयार होती. मूळ चित्र संगणकावर खूप मोठे करून पाहिले, तेव्हा काळ्या पंखाबाहेरच्या पाण्यात सुमारे दोन पिक्सेल रुंदीची पांढरट रेघ स्पष्ट दिसली. मिठागराचे चित्र मात्र तिपाईवर ठेवलेल्या मोठ्या कॅमेऱ्याचे होते, आणि कॅमेऱ्याने कोणतीही धार न देता साठवलेल्या फाइलवरून ते तयार केले होते. जोडचित्राच्या दोन भागांचा पूर्वेतिहासच वेगळा होता.

किनार कागदावर किती रुंद?

आता हिशेब करू. पोस्टर ३६ इंच रुंद आणि २४ इंच उंच होते. छपाईसाठी दर इंचाला २०० पिक्सेल ठेवायचे आम्ही ठरवले होते, म्हणजे पूर्ण चित्र ७२०० गुणिले ४८०० पिक्सेलचे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून कागदावर एका पिक्सेलची रुंदी ०.१२७ मिलिमीटर.

मिठागराचे चित्र मुळात ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे होते. ते जेमतेम १.२ पट मोठे करावे लागले. शेकाट्या मात्र मोबाइलच्या चित्रात चोचीपासून पायांपर्यंत फक्त ८०० पिक्सेल उंच होता. तो जवळजवळ खऱ्या उंचीचा दिसावा या हौसेने आम्ही त्याला १२ इंच, म्हणजे २४०० पिक्सेल उंच केला. तिप्पट! त्याच्याबरोबर दोन पिक्सेलची किनारही तिप्पट, म्हणजे सहा पिक्सेलची झाली. कागदावर ती ०.७६ मिलिमीटर भरते. त्यावर आम्ही संपूर्ण पोस्टरला पुन्हा धार दिली आणि तीच किनार आणखी ठळक केली.

पाऊण मिलिमीटर ही रुंदी डोळ्याला दिसते का? चांगल्या दृष्टीच्या माणसाला सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाचा तपशील वेगळा ओळखता येतो. एक मीटर अंतरावर हा कोन ०.२९ मिलिमीटर व्यापतो. प्रदर्शनात पोस्टर साधारण दीड मीटरवरून पाहिले जाते, तिथे ही मर्यादा ०.४४ मिलिमीटर येते. आमची किनार त्याच्या पावणेदोन पट रुंद होती. ती दिसणारच. उलट हिशेब केला तर सुमारे २.६ मीटर मागे गेल्यावर ती दिसेनाशी व्हायला हवी. आम्ही टेप धरून मागे मागे गेलो, आणि अडीच मीटरच्या आसपास रेघ खरोखरच विरून गेली. चित्रे काढणारी मुले तर पोस्टरपासून हातभर अंतरावर बसली होती.

एक सावधगिरी सांगायला हवी. एक कलेची मर्यादा ही दोन जवळच्या रेघा वेगळ्या ओळखण्याची आहे. काळ्यावरची एकटी पांढरी रेघ त्याहून बारीक असली तरी जाणवू शकते. म्हणून ही मर्यादा गाठायची नसते, तिच्या आत राहायचे असते. आणि जिथे काळे-पांढरे थेट शेजारी येतात तिथे मात्राही कमी ठेवायची असते.

जोड जुळवणे

दुसऱ्या वेळी आम्ही धार देण्याच्या आधीचे काम नीट केले. जोडचित्र खोटे वाटते ते बहुधा एक भाग अंधुक असल्यामुळे वाटत नाही. पोस्टरभर सारखाच असलेला अंधुकपणा डोळा चालवून घेतो. शेजारच्या दोन भागांतला फरक मात्र तो लगेच पकडतो. आणि शेवटची धार हा फरक मिटवत नाही, उलट वाढवते. ज्या भागात कडा आधीच तीक्ष्ण आहेत तिथे तिला काम करायला जागा सापडते. अंधुक भागात सापडत नाही.

म्हणून प्रथम दोन्ही भागांच्या कडा मोजल्या. ही मोजणी सोपी आहे. पूर्ण आकाराच्या चित्रात एखादी स्वच्छ कड निवडायची, ती खूप मोठी करून पाहायची आणि गडद छटेपासून उजळ छटेपर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोजायचे. मिठागराच्या बांधावरच्या लाकडी खांबाच्या कडेला ३ पिक्सेल लागत होते. तिप्पट केलेल्या शेकाट्याच्या पाठीच्या कडेला ८. खांब आणि पक्षी कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असल्याचे आम्ही दाखवत होतो. खऱ्या छायाचित्रात त्यांच्या कडांत एवढा फरक पडला नसता. मुलांपैकी एक जण ‘पक्षी चिकटवल्यासारखा वाटतो’ असे म्हणाली होती, त्याचे कारण हे होते.

८ चे ३ करणे कोणत्याही धारेने शक्य नव्हते. म्हणून आम्ही हौस सोडली आणि पक्षी लहान केला. उंची १२ इंचांऐवजी ७ इंच, म्हणजे १४०० पिक्सेल. आता तो तिप्पट न होता १.७५ पट मोठा झाला. कडेची रुंदी ८ वरून ५ च्या आत आली आणि मोबाइलची किनार साडेतीन पिक्सेल, म्हणजे ०.४४ मिलिमीटर झाली. नेमकी दीड मीटरवरची मर्यादा. तेवढ्यावर विसंबून न राहता ती किनार आम्ही हातानेच काढली. गिंप या विनामूल्य प्रणालीत क्लोन साधनाला `Darken only` अशी पद्धत देता येते. या पद्धतीत शेजारच्या पाण्याची छटा फक्त त्याहून उजळ ठिपक्यांवरच चढते, काळ्या पंखाला धक्का लागत नाही. पंखाभोवती एक फेरी मारायला पंधरा मिनिटे लागली.

मग मिठागराच्या चित्राला एक पिक्सेल त्रिज्येचा अगदी हलका अंधुकपणा दिला. खांबाची कड ३ वरून ४ पिक्सेलवर आली. धार वाढवण्याच्या कामात अंधुकपणा देणे विचित्र वाटेल. पण आता दोन्ही भाग ४ आणि ५ वर आले होते, म्हणजे जवळपास सारखे. दोघांनाही शेवटची धार आता सारखीच लागू पडणार होती.

शेवटची जुळवणी कणांची. मोठ्या कॅमेऱ्याच्या चित्रात पाण्यावर बारीक रवाळपणा होता. मोबाइलने तो पुसून टाकलेला असल्यामुळे पक्षी मेणाचा केल्यासारखा गुळगुळीत दिसत होता. पक्ष्याच्या थरावर तितकाच बारीक रवा पसरला. हे काम अंतिम आकारावरच करायचे, नाहीतर मोठे करताना रवाही मोठा होतो.

छपाईसाठी धार

आता जोडचित्राची मूळ, थरांची फाइल जपून ठेवली आणि तिची एक एकसंध प्रत काढली. छपाईची धार नेहमी अशा प्रतीलाच द्यायची. कारण ही धार एका विशिष्ट आकारासाठी, एका विशिष्ट कागदासाठी आणि एका विशिष्ट अंतरासाठी असते. उद्या त्याच चित्राचे पोस्टकार्ड छापायचे झाले तर वेगळी धार लागेल.

छपाईसाठी वेगळी धार लागतेच का? कारण छपाई स्वतः चित्र थोडे पुसट करते. शाईचा थेंब कागदावर पडला की थोडा पसरतो. चकचकीत कागदावर कमी, साध्या किंवा मॅट कागदावर जास्त. शिवाय इंकजेट यंत्र हव्या त्या छटेची शाई ओतत नाही. ते मोजक्या रंगांचे बारीक थेंब विखरून छटेचा भास निर्माण करते आणि त्यात कडा थोड्या तुटतात. छपाईत जे हरवणार, तेवढे आधीच जास्त घालून ठेवायचे, हा या धारेचा हेतू.

त्रिज्या कशी ठरवायची? पाहण्याच्या अंतरावरून. दीड मीटरवर मर्यादा ०.४४ मिलिमीटर. किनार जाणवते ती साधारण त्रिज्येच्या दुपटीइतकी. दीड पिक्सेल त्रिज्या घेतली तर किनार सुमारे तीन पिक्सेल, म्हणजे ०.३८ मिलिमीटर होते. मर्यादेच्या आत, पण तिच्या जवळ. म्हणून परिणाम होतो आणि तरी रेघ वेगळी दिसत नाही. हेच चित्र हातात धरून, ४० सेंटिमीटरवरून पाहायचे असते तर मर्यादा ०.१२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका पिक्सेलची झाली असती आणि ही त्रिज्या फार ठरली असती. उलट रस्त्यावरचा फलक पाच मीटरवरून पाहिला जातो. तिथे मर्यादा दीड मिलिमीटरच्या आसपास जाते. दर इंचाला ७२ पिक्सेलसुद्धा पुरतात आणि रुंद त्रिज्या चालते.

तिसरा आकडा ‘उंबरठा’. ठरावीक फरकापेक्षा कमी फरक असेल तर धार द्यायची नाही, असे त्याने सांगता येते. पाण्यावरचा रवा, आकाशातली किंचित कमीजास्त छटा यांना धार मिळाली तर ते खरखरीत दिसतात. थोडा उंबरठा ठेवला की कडा तेवढ्या उठतात आणि पाणी शांत राहते.

गिंपमध्ये ही सोय `Filters` मधील `Enhance` या यादीत `Sharpen (Unsharp Mask)` नावाने आहे. तिथे `Radius`, `Amount` आणि `Threshold` असे तीनच आकडे विचारले जातात. ज्यांना आज्ञा लिहून काम करायचे असेल त्यांनी इमेजमॅजिक ही विनामूल्य प्रणाली वापरावी. आमच्या पोस्टरची आज्ञा अशी होती:

```
magick poster.tif -unsharp 0x1.5+1.0+0.02 print.tif
```

यात १.५ ही त्रिज्या, १.० ही मात्रा आणि ०.०२ हा उंबरठा. मोठे करणे आधीच झालेले असल्याने आकार बदलण्याची आज्ञा यात नाही.

पडद्यावर नव्हे, कागदावर तपासा

मात्रा किती, हे हिशेबाने ठरत नाही. ते कागद आणि यंत्रावर अवलंबून असते. पडद्यावर पाहूनही ते कळत नाही. संगणकाच्या साध्या पडद्यावर एक पिक्सेल सुमारे पाव मिलिमीटरचा असतो, म्हणजे आमच्या कागदावरच्या पिक्सेलच्या दुप्पट. आणि आपण तो अर्ध्या मीटरवरून पाहतो. तिथे योग्य दिसणारी धार कागदावर मवाळ पडते. छपाईसाठी बरोबर असलेले चित्र पडद्यावर पूर्ण आकारात थोडे कर्कश दिसलेच पाहिजे.

म्हणून आम्ही चाचणीपट्टी काढली. पोस्टरचा एक तुकडा निवडला, ज्यात शेकाट्याचा पंख, पाय, थोडे पाणी आणि बांधावरचा खांब असे सगळे येते. त्याच्या तीन प्रती केल्या: मात्रा ०.५, १.० आणि २.०. तिन्ही तुकडे ज्या कागदावर पोस्टर छापायचे त्याच मॅट कागदावर, त्याच यंत्रावर, मूळ मापात छापून घेतले. इथे एक घोटाळा हमखास होतो. छपाईच्या वेळी ‘पानात बसवा’ अशी सूचना चालू राहिली तर तुकडा लहान-मोठा होतो आणि चाचणी निरुपयोगी ठरते. म्हणून छापील तुकड्यावर पट्टी ठेवून माप तपासावे. दुकानाला पूर्ण पोस्टर देतानाही ‘आकार बदलू नका, धार देऊ नका’ हे लिहूनच द्यावे.

तिन्ही पट्ट्या वर्गाच्या भिंतीवर लावल्या, मागे क्रमांक लिहिले आणि दीड मीटरवर खडूने रेघ मारली. मुलांना विचारले, ‘कोणता पक्षी सर्वांत स्पष्ट दिसतो? आणि पंखाभोवती कुणाला रेघ दिसते का?’ २.० मात्रेच्या पट्टीवर बहुतेकांना पंखाभोवती उजळ रेघ आणि पायांच्या दोन्ही बाजूंना फिकट सावली दिसली. ०.५ ची पट्टी मवाळ वाटली. १.० च्या पट्टीवर रेघ कुणालाच दिसली नाही आणि तीच सर्वांत स्पष्ट ठरली. पडद्यावर हीच प्रत आम्हाला जास्त तीव्र वाटली होती! चकचकीत कागद असता तर याहून कमी मात्रा पुरली असती.

राहिली अक्षरे. पहिल्या पोस्टरवर शीर्षक चित्रातच लिहून मग सगळ्याला धार दिली होती, त्यामुळे अक्षरांनाही किनार आली होती. अक्षरे मुळात तीक्ष्णच असतात, त्यांना धारेची गरज नसते. दुसऱ्या वेळी धार देऊन झाल्यावर चित्र पानमांडणीच्या प्रणालीत नेले, अक्षरे तिथे टाकली आणि पीडीएफ करून दिले. अक्षरे पिक्सेलची न राहता रेषांची राहिल्यामुळे यंत्र ती आपल्या पूर्ण क्षमतेने छापते.

आणि शीर्षकाखाली एक ओळ वाढवली: ‘हे जोडचित्र आहे. मिठागर आणि पक्षी यांची छायाचित्रे वेगवेगळ्या दिवशी घेतली आहेत.’ मूल पोस्टरकडे पुरावा म्हणून पाहते, हे पहिल्या खेपेला आम्ही विसरलो होतो.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या वर्गाला ९० आणि १५० ची ओळ देऊन सगळी आकडेमोड वहीत करता येईल. निम्म्या वर्गाने आधी धार देऊन मग ओळ तिप्पट करावी, निम्म्यांनी आधी तिप्पट करून मग धार द्यावी. दोन्ही उत्तरांचे आलेख एकाच आलेखकागदावर काढले की किनारीची रुंदी डोळ्यांसमोर येते. मग वर्गातले एखादे जुने पोस्टर भिंतीवर लावून मुलांना किनारी शोधायला सांगावे: काळ्या छपराभोवती आकाशात, डोंगराच्या कडेला, माणसाच्या केसांभोवती. रेघ सापडली की टेप घेऊन मागे जावे आणि ती कुठे दिसेनाशी होते ते अंतर मोजावे. मीटरमधल्या अंतराला ०.२९ ने गुणले की किनारीची मिलिमीटरमधली रुंदी अंदाजे कळते. पट्टी न लावता!

आमच्या सातवीच्या मुलांनी नव्या पोस्टरवरून शेकाट्या पुन्हा काढला. या वेळी पंख नुसताच काळा होता.